फक्त वर्तमानकाळातली छोटी मराठी गोष्ट, नवशिक्यासाठी

प्रश्न: माझी वहिनी केरळची आहे, आता कोल्हापुरात असते. देवनागरी अक्षरं वाचते, पण वाक्य समजत नाही. फक्त वर्तमानकाळ आणि अगदी रोजचे शब्द असलेली एखादी छोटी गोष्ट सांगाल का? मी स्वतः लिहायला बसलो की दोन ओळींत भूतकाळ येतोच.

उत्तर:

आधी गोष्ट घ्या. तुमचा भूतकाळ कुठून येतो ते खाली सांगतो.

एक लिटर दूध

आज रविवार आहे. सकाळची वेळ आहे.

मीना लवकर उठते. ती चहा करते. पण घरात दूध नाही. मीना पिशवी घेते आणि बाहेर जाते.

समोर रस्ता आहे. रस्त्यावर खूप लोक आहेत. तिथे एक म्हैस आहे. म्हैस मोठी आहे. म्हशीजवळ एक काका आहेत. काका दूध काढतात.

मीना विचारते, "काका, दूध आहे का?"

काका म्हणतात, "आहे. किती पाहिजे?"

"एक लिटर पाहिजे."

काका दूध देतात. मीना पिशवीत बघते. पिशवीत पैसे नाहीत. मोबाईल पण नाही.

मीना म्हणते, "काका, पैसे घरी आहेत. मी घरी जाते आणि पैसे आणते."

काका हसतात. ते म्हणतात, "मला तुमचं घर माहीत आहे. तुमच्या सासूबाई रविवारी इथे येतात."

मीना दूध घेते आणि घरी येते. दारात सासूबाई उभ्या आहेत. त्यांच्या हातात पिशवी आहे. त्या पिशवीत पण दूध आहे!

सासूबाई म्हणतात, "रविवारी दूध मी आणते."

आता घरात खूप दूध आहे. मीना विचारते, "आता काय?"

सासूबाई म्हणतात, "आता खीर!"

तिथे एक डबा आहे. सासूबाई डबा बघतात. डब्यात साखर नाही.

मीना पुन्हा पिशवी घेते. आता ती पैसे पण घेते.

एवढीच गोष्ट. 'आहे-नाही' आणि 'पाहिजे' सोडले तर तिच्यात डझनभर क्रियापदं आहेत, आणि घेणे, म्हणणे, बघणे यांसारखी बरीचशी पुन्हा पुन्हा येतात. नवशिक्याला नवा शब्द एकदा दिसून उपयोग नसतो, थोड्या अंतराने तोच पुन्हा भेटावा लागतो. 'म्हैस' हा शब्द 'सर्वाधिक वापरातले शब्द' अशा छापाच्या याद्यांत बहुधा सापडणार नाही, कारण त्या याद्या बऱ्याचदा वर्तमानपत्रांवरून करतात आणि त्यात 'शासन', 'प्रकल्प' वर येतात. पण कोल्हापूरच्या गंगावेशीत सकाळी कट्ट्यावर समोर धार काढून दूध मिळतं. त्या गावात राहणाऱ्या बाईला 'प्रकल्प'आधी 'म्हैस' कळायला हवी.

आता तुमची अडचण. तुम्ही बहुधा असं काही लिहिता: 'सहा वाजले आहेत. आई खुर्चीवर बसली आहे. तिला भूक लागली आहे.' अर्थ आत्ताचा आहे, पण 'वाजले', 'बसली', 'लागली' ही सगळी रूपं भूतकाळाची. ही तुमची चूक नाही. मराठीत एखादी क्रिया होऊन गेली आणि तिचा परिणाम समोर टिकून आहे, असं असेल तर आपण हेच रूप वापरतो. बसणे, झोपणे, थकणे, साडी नेसणे, भूक लागणे, वाजणे ही सगळी त्या जातीची. मग काही जण नियम पाळायचा म्हणून 'सहा वाजतात', 'आई खुर्चीवर बसते', 'तिला भूक लागते' असं करतात. व्याकरण बरोबर राहतं आणि अर्थ सरकतो: 'आई खुर्चीवर बसते' म्हणजे रोज बसते किंवा आत्ता बसायची क्रिया करते, 'तिला भूक लागते' म्हणजे तशी तिला सवय आहे. वहिनी हे वाक्य घरात बोलून दाखवतील आणि ऐकणारा विचारेल, "कधी?"

यातून वाट अशी: क्रियापदाच्या जागी विशेषण किंवा जागा ठेवायची. 'बसली आहे'ऐवजी 'खुर्चीवर आहे'. 'थकली आहे'साठी असं सोपं विशेषण सापडत नाही, म्हणून ते गोष्टीतून काढायचं किंवा 'आजारी आहे' चालत असेल तर तसं करायचं. 'दार उघडलं आहे'ऐवजी 'दार उघडं आहे'. 'सहा वाजले आहेत'ऐवजी 'सकाळची वेळ आहे'. 'भूक लागली आहे'ऐवजी 'जेवण पाहिजे'. आजारी, जागी, उभी, बंद, उघडं, गरम, गार असे शब्द हाताशी ठेवले की बरंच भागतं. वरच्या गोष्टीत सासूबाई दारात 'उभ्या' आहेत, 'बसलेल्या' नाहीत, ते याचसाठी. लिहून झालं की प्रत्येक 'आहे'च्या आधीचा शब्द तपासा. तो -ला, -ली, -लं, -ले ने संपणारं क्रियापद असेल तर वाक्य बदला.

दुसरी गोष्ट शब्दांच्या रूपांची. 'रस्ता' शिकलेला माणूस 'रस्त्यावर' वाचून अडतो, आणि 'म्हशी' शोधायला शब्दकोश उघडला तर तिथे 'म्हैस' असते. -वर, -त, -जवळ लागताना मूळ शब्द बदलतो, हे आपल्या लक्षातही येत नाही, नवशिक्याच्या मात्र ते डोक्यावरून जातं. म्हणून गोष्टीत आधी साधं रूप ठेवलंय आणि लगेच पुढच्या एक-दोन वाक्यांत बदललेलं: 'समोर रस्ता आहे. रस्त्यावर खूप लोक आहेत.' म्हैस-म्हशीजवळ आणि डबा-डब्यात हेही तसंच. 'पिशवी' आणि 'घर' यांचं रूप फारसं मोडत नाही, त्यामुळे ते बिनधास्त कुठेही येतात. तुम्ही पुढची गोष्ट लिहिताना एका गोष्टीत बदलणारे शब्द तीन-चारच ठेवा. 'दार', 'हात' यांसारखे शब्द कितीही चालतील.

वहिनींच्या दृष्टीने सगळ्यात अवघड भाग वेगळा आहे. मलयाळमात क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलत नाही. तो, ती, ते, मी, आम्ही, सगळ्यांना एकच रूप. त्यामुळे 'मीना म्हणते' आणि 'काका म्हणतात' यांतला फरक त्यांना फुटकळ वाटेल आणि त्या एकच रूप सगळीकडे लावतील. काका तर एकटेच आहेत, तरी 'म्हणतात' का? मानासाठी अनेकवचन. म्हणून या गोष्टीत मोठी माणसं दोन ठेवली आहेत, म्हणजे -तात हे रूप वारंवार कानावर पडेल. सोपं काय असेल तर 'पाहिजे'. मलयाळमातही 'मला' या अर्थाच्या रूपानेच हवं-नको बोलतात, तेव्हा 'मला दूध पाहिजे' हे त्यांना लगेच जमेल. ते आधी पक्कं करा.

वाचून झालं की गोष्ट 'मी'वर आणायला सांगा: 'मी लवकर उठते. मी पिशवी घेते.' बाईमाणसाचं 'ती उठते' आणि 'मी उठते' हे रूप एकच असल्यामुळे इथे क्रियापदाला हात लावावा लागत नाही, फक्त 'मीना' आणि 'ती'च्या जागी 'मी' येतो. मग प्रश्न विचारा, ज्यांचं उत्तर नकारात येईल: "मीना पैसे देते का?" उत्तर: "नाही, देत नाही." नकारात एक सोय आहे, तो-ती हा भेद गळून पडतो. 'तो देत नाही', 'ती देत नाही', 'मी देत नाही' सगळं सारखं. फक्त 'तू'ला 'नाहीस' आणि 'ते', 'त्या' अशा मोठ्यांना किंवा अनेकांना 'नाहीत' लागतं. त्यामुळे नकाराची वाक्यं होकारापेक्षा लवकर बसतात. शेवटी 'तू' घ्या, कारण 'तू जातेस, तू घेतेस' यात -स वाढतो आणि तो गळतो.

एक सावधगिरी मात्र बाळगा. या गोष्टीतल्या सासूबाई 'मी आणते' म्हणतात, पण कोल्हापुरातल्या खऱ्या सासूबाई बऱ्याचदा 'मी आणतो', 'मी जातो' म्हणतील. इथल्या बायकांच्या बोलण्यात हे सर्रास आहे आणि त्यात चूक काही नाही. पण नवशिकी बाई ते ऐकून गोंधळते: पुस्तकात एक, घरात दुसरं. आधीच सांगून ठेवा की ऐकताना दोन्ही बरोबर, स्वतः बोलताना आधी 'जाते' वापरा, मग हवं तर बदला. 'काय करालायस?' असं कुणी विचारलं तर तेही 'काय करतेस?' याच जागी आहे एवढंच सांगा. ते लिहायच्या गोष्टीत आणू नका, नाहीतर 'करते', 'करत आहे', 'करतेय' आणि 'करालाय' अशी चार रूपं एका पानावर येतील आणि एकही लक्षात राहणार नाही. एका गोष्टीत एकच रूप, हा नियम मी मोडत नाही.

पुढची गोष्ट लिहायची असेल तर याच मीनाला साखर आणायला दुकानात पाठवा. दुकानदार, 'किलो', 'सुट्टे नाहीत' एवढे नवे शब्द पुरेत, बाकी सगळे आधीचेच. नवं क्रियापद एकच घाला, 'मोजणे' चांगलं. आणि दुकानदाराला नुसतं 'दुकानदार म्हणतो' करू नका, 'काका म्हणतात' असंच ठेवा. तसंच वहिनी उद्या दुकानात जाऊन बोलणार आहेत.