चिठ्ठी भिशीत शेवटचा नंबर लागला तर?

प्रश्न: आमच्या सोसायटीत चिठ्ठीची भिशी सुरू होतेय, २० जणी, महिना ५ हजार. लावू का? पैसे बुडायची भीती वाटते.

मी धनकवडीत अशीच २० जणींची भिशी लावली होती, ५ हजारांचीच, त्यामुळे त्यावरूनच सांगते.

ज्यांचा नंबर पहिल्या दोन-चार महिन्यांत लागतो त्यांच्यासाठी भिशी म्हणजे बिनव्याजी कर्ज, एक लाख हातात येतात आणि पुढे हप्ते भरत राहायचं. शेवटची असते ती मात्र बाकीच्यांना बिनव्याजी पैसे देत असते. तेच ५ हजार २० महिने बँकेत आरडीला टाकले असते तर साडेसहा टक्क्यांनी साधारण साडेपाच ते सहा हजार व्याज मिळालं असतं. पण व्याज गेलं त्याचं मला एवढं काही वाटत नाही, खरी भीती वेगळी आहे, भिशी उचललेल्या बाईने हप्ता थांबवला तर काय?

माझा नंबर १७वा होता. १४व्या महिन्यापासून आधी उचललेल्या दोघींनी हप्ते द्यायचे बंद केले, मग लाखाऐवजी ९० हजारच गोळा व्हायला लागले आणि उरलेल्या सातही जणींना १० हजार कमी मिळाले. एकीने नंतर हळूहळू फेडले, दुसरीकडून माझे ५ हजार अजून यायचेत. त्याहून वाईट म्हणजे नंबर न लागलेल्या बायका घाबरून म्हणायला लागल्या की आम्ही तरी का भरायचं, आणि तसं झालं की भिशी फुटतेच. आम्ही बसून समजावलं म्हणून वाचली.

पोलिसात जाऊ म्हणाल तर घरगुती भिशी कुठेच नोंदलेली नसते, त्यामुळे त्या जोरावर पैसे वसूल करणं अवघड जातं. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, इथे तसं काही नाही.

त्यामुळे आधी २०ही नावं मागा. त्यातल्या कोणाला तुम्ही ओळखत नाही, कोण भाड्याने राहतं आणि उद्या सोडून जाऊ शकतं, कोणी दोन नंबर घेतलेत का, हे बघा. चालवणारी बाई अजून दोन भिश्या चालवत असेल तर मी तरी लावणार नाही, एकीचे पैसे दुसरीत फिरवायला लागतात आणि ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. पैसे तिच्याकडे जमा न करता ज्या महिन्यात जिचा नंबर तिलाच थेट यूपीआय करायचे असं ठरवा, म्हणजे नोंदही राहते आणि मधे कुणाकडे रक्कम साठत नाही. चिठ्ठी सगळ्यांसमोर काढायची, आणि ५ तारखेचा हप्ता १५ला यायला लागला की लगेच विचारायचं, आम्ही तीन महिने गप्प बसलो तिथेच चुकलो.

नुसती बचत करायची असेल तर आरडी करा. हातात पैसा टिकत नाही आणि चार बायकांच्या धाकाने तरी भरला जाईल असं असेल तर लावा, पण पहिल्यांदा ५ ऐवजी २ हजारांची.