उशिरा आलेला माल वेळेवर कसा दिसला?

"वय ५३. २६ वर्षं खरेदी विभागात काढली. चाळीस ठिकाणी अर्ज केले, दोघांचे फोन आले आणि दोघांनीही 'ओव्हरक्वालिफाइड' म्हणून वाटेला लावलं. आता या वयात नवं काय शिकू आणि जुनं कुणाला सांगू?"

हे गृहस्थ माझ्याकडे करिअरच्या सल्ल्यासाठी आले ते चार पानी बायोडेटा आणि तिसऱ्या आठवड्यात सोडून दिलेला डेटा सायन्सचा कोर्स घेऊन. पन्नाशीनंतर येणाऱ्या बहुतेकांकडे अशी एक जोडी असते. बायोडेटा गेल्या काळाची हजेरी मांडतो आणि कोर्स जाहिरात बघून घेतलेला असतो.

पहिल्या दोन बैठका तक्रारी ऐकण्यातच गेल्या. तिसऱ्या बैठकीत मी विचारलं, "जुन्या ऑफिसातून शेवटचा फोन कशासाठी आला होता?"

"विशेष काही नाही. आमचा जुना ज्युनिअर विचारत होता, नवा पुरवठादार घ्यावा का म्हणून."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं काहीच नाही. उलट त्यालाच विचारलं, साचे त्याचे स्वतःचे आहेत का? त्याचा निम्म्याहून जास्त माल एकाच गिऱ्हाइकाला जातो का? आणि मालक शॉप फ्लोअरवर दिसतो का?"

मी हे तीन प्रश्न कागदावर उतरवून त्यांच्यासमोर ठेवले. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. चार पानांत यातलं एक अक्षरही नव्हतं. पुरवठादार कधी आणि कशामुळे अडचणीत येईल, हे आधी ओळखणं हे त्यांचं खरं काम होतं, आणि त्यांच्या लेखी त्या फोनवरच्या गप्पा होत्या. रेमंड कॅटेल या मानसशास्त्रज्ञाने बुद्धीचे दोन भाग मानले. नवं कोडं झटपट सोडवणारी बुद्धी वयाबरोबर मंदावते, पण साठत गेलेल्या जाणकारीची बुद्धी बराच काळ टिकते. माझा कल उघडच या दुसरीकडे आहे. अडचण एवढीच, की ती ज्याच्याकडे असते त्या माणसाला ती साधी अक्कल वाटते.

मग दिशा ठरली: पुरवठादारांचं मूल्यमापन आणि विकास. त्यांना मी अशा जागांच्या वीस जाहिराती गोळा करून वारंवार येणाऱ्या मागण्यांपुढे मोजणीच्या काट्या मारायला सांगितलं. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेपुढे एकच काटी आली. एक्सेलमधलं विश्लेषण, पिव्होट टेबल आणि आयएसओ ९००१ या गुणवत्ता मानकाचं अंतर्गत ऑडिट यांच्यापुढे काट्यांची रांग लागली. शिकायचं तेवढंच ठरलं, रोज एक तास.

सराव बनावट नोंदींवर केला. जुन्या कंपनीची आकडेवारी घरी आणणं चूक आहे, आणि मुलाखतीत ते कळलं तर विश्वासच जातो. ३०० ओळी, B मध्ये कबूल केलेली तारीख, C मध्ये माल आल्याची, D मध्ये फरक. वेळेवर आलेल्या मालाचं प्रमाण काढायला हे सूत्र:

```
=COUNTIF(D2:D301,"<=0")/COUNT(D2:D301)
```

एका पुरवठादाराचा आकडा फारच छान आला. हे लगेच म्हणाले, "शक्यच नाही. या नोंदी मी ज्याच्यावरून रचल्या, तो कधीच वेळेवर नसायचा." शोधलं तेव्हा कळलं, की न आलेल्या मालाची तारीख रिकामी होती. एक्सेल रिकामी जागा शून्य धरतं, फरक मोठा उणे येतो आणि कधीच न आलेला माल 'वेळेवर' मोजला जातो. D मध्ये हे घातल्यावर आकडा ताळ्यावर आला:

```
=IF(C2="","",C2-B2)
```

मुदत उलटूनही न आलेल्या ऑर्डरी मात्र वेगळ्या मोजाव्या लागतात, हेही त्यांनीच सुचवलं. त्यांना एक्सेल शिकवणाऱ्या तरुणाच्या हे लक्षात आलं नव्हतं. माझ्या लेखी सगळ्या बैठकांतला हा सर्वांत मोलाचा क्षण. सूत्र नवं होतं, संशय जुना होता, आणि पगार या दोहोंच्या जोडीला मिळतो.

बायोडेटा दोन पानांवर आणला. शेवटची पंधरा वर्षं सविस्तर, त्याआधीचं दोन ओळींत. 'खरेदी विभागाची जबाबदारी सांभाळली' हे वाक्य काढलं आणि लिहिलं: 'तीन लहान पुरवठादारांचा माल महिनाअखेरीस का अडतो हे शोधलं. पैसे ६० ऐवजी ३० दिवसांत द्यायची व्यवस्था केली आणि उशीर थांबवला.'

'ओव्हरक्वालिफाइड' या शब्दामागे सहसा तीन शंका असतात: हा टिकेल का, पगार परवडेल का, लहान वयाच्या साहेबाचं ऐकेल का. तिसरीवर "मला काही अडचण नाही" म्हटलं की शंका वाढतेच. यांनी रिकाम्या तारखेचा किस्सा सांगितला, आणि सूत्र कोणत्या तरुणाकडून शिकलो तेही.

अर्ज पाठवणं जवळजवळ बंद केलं. ओळखीच्या बारा जणांना फोन केले. नोकरी मागितली नाही, फक्त त्यांच्या पुरवठादारांविषयी वीस मिनिटं बोलू का, असं विचारलं. नवव्या फोनमधून सहा महिन्यांचं कंत्राटी काम मिळालं. पगार आधीपेक्षा कमी आहे, फिरती जास्त. साचे कुणाचे, हा प्रश्न आता त्यांच्या तपासणी तक्त्यात पहिल्या ओळीत छापलेला आहे.