पद्धतीला नाव देण्याआधी त्यातला एक टप्पा शोधा

प्रश्न: आम्ही इंदूरमध्ये घरी गोडा मसाला करून विकतो. प्रत्येक जिन्नस वेगळा तळतो, म्हणून चव वेगळी येते. पाकिटावर ‘खास पद्धतीने बनवलेला’ असं छापलंय, पण ते कुणाच्याच लक्षात राहत नाही. पद्धतीला स्वतःचं नाव द्या असं एकाने सुचवलं. ते कसं ठरवायचं?

उत्तर:

मी इंदुरातच पाकिटं आणि लेबलं छापतो, त्यामुळे ‘खास पद्धत’, ‘घरगुती चव’, ‘आजीच्या हातची’ हे शब्द माझ्या हातून किती वेळा छापले गेलेत त्याला गणती नाही. ते लक्षात राहत नाहीत, कारण त्यात काय केलं ते सांगितलेलंच नसतं. म्हणून नावाचा विचार जरा बाजूला ठेवा. तुमच्या पद्धतीतला असा एक टप्पा शोधा, जो वगळला तर गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात काहीतरी बिघडतं. नाव त्या एका टप्प्याला द्यायचं, सगळ्या पद्धतीला नाही.

रामबागेतल्या एक काकू चकलीची भाजणी विकतात. त्यांचं नाव ठरवताना मी सोबत होतो, तेव्हा तेच सविस्तर सांगतो.

पहिल्या दिवशी आम्ही फक्त कृती कागदावर उतरवली. तांदूळ धुऊन सावलीत कापडावर वाळवायचे. तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, मूग डाळ, पोहे, धने आणि जिरं असे सात जिन्नस वेगवेगळे भाजायचे. मग परातीत पसरून रात्रभर गार करायचे, सकाळी चक्कीवर नेऊन दळायचे, चाळायचं आणि पाकिटं भरायची. प्रत्येक ओळीसमोर मी एकच प्रश्न लिहिला: हे केलं नाही तर चकलीचं काय होतं?

चाळणं तर सगळेच करतात, तिथे सांगण्यासारखं काही निघालं नाही. रात्रभर गार करणं महत्त्वाचं आहे, कोमट पीठ पाकिटात भरलं की वाफ धरते आणि गुठळ्या होतात. पण गुठळ्यांचं पीठ कुणी विकायला ठेवतच नाही, म्हणजे गिऱ्हाइकाने तो दोष कधी भोगलेला नसतो. वेगळं भाजण्याशी आलो आणि काकू आपणहून बोलायला लागल्या. उडीद लवकर लाल होतो, तांदळाला मंद आचेवर बराच वेळ लागतो, जिरं तर हात फिरवता फिरवता करपतं. सगळं एका कढईत टाकलं तर तांदूळ होईपर्यंत उडीद जळतो, किंवा उडीद सांभाळला तर तांदूळ कच्चा राहतो. जळका उडीद पिठाला धरून ठेवत नाही, चकली सोऱ्यातून पडतानाच तुटते. कच्च्या भाजणीची चकली दुसऱ्या दिवशी मऊ पडते.

दिवाळीत तुटलेली चकली प्रत्येक घराने पाहिलेली असते. हाच आमचा टप्पा. काकूंच्या कौतुकाचं त्यात काही नाही, घेणाऱ्या बाईला तिची स्वतःची अडचण त्यात दिसते. पद्धतीतलं वेगळेपण आणि गिऱ्हाइकाचं दुखणं जिथे एकमेकांना भेटतात, तिथेच नावाची जागा असते.

मग नावं. काकूंच्या मुलाला ‘थर्मो-रोस्ट’ आवडलं होतं. ते आम्ही चार शेजारणींना सांगितलं आणि अर्ध्या तासाने ‘ते काय नाव होतं?’ असं विचारलं. एकीलाही सांगता आलं नाही. दुसरं माझं होतं, ‘सातघाणी’, कारण एका वेळी कढईत पडतो तो एक घाणा. मराठी कानाला बरं वाटलं, पण इथे निम्मं गिऱ्हाईक हिंदी बोलतं. काउंटरवर एका बाईंनी विचारलं, ‘कच्ची घानी का तेल भी रखते हैं क्या?’ शिवाय त्यात ‘घाण’ ऐकू येतं, ते माझ्या आधी लक्षातच आलं नव्हतं. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा अशा ठिकाणी धंदा असेल तर नाव शेजारच्या भाषेत मोठ्याने म्हणून पाहायलाच हवं.

शेवटी ठरलं ते काकूंच्याच बोलण्यातून. त्या म्हणत होत्या, ‘प्रत्येकाची कढईत वेगळी फेरी होते.’ सात जिन्नस, सात फेऱ्या, म्हणून सातफेरी भाजणी. मराठी माणसाला फेरी कळते, हिंदी माणसाला सात फेरे आठवतात, आणि लग्नाचा शब्द विसरत नाही कुणी. पाकिटावर त्याखाली एकच ओळ घेतली: ‘सात जिन्नस, प्रत्येकाची कढईत वेगळी फेरी, म्हणून चकली तुटत नाही.’ ही ओळ नावाइतकीच महत्त्वाची आहे. नाव लक्षात राहण्यासाठी असतं, आणि फायदा त्याला चिकटतो तो ‘म्हणून’ या शब्दाने. ती ओळ सुरुवातीची काही वर्षं तरी प्रत्येक पाकिटावर, त्याच शब्दांत हवी.

आता ‘आपलं’ नाव म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. धान्य वेगळं भाजण्याची रीत कुणाच्या मालकीची नाही आणि होणारही नाही, शेजारच्या बाई उद्यापासून तसंच करू शकतात. मालकी मिळते ती नावाची. याचं आपल्या सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण बजाजचं. पल्सर २००१ साली आली. दोन स्पार्क प्लगचं तंत्र तिच्यात २००३ साली आलं आणि त्याला त्यांनी ‘डीटीएस-आय’ म्हटलं. ते गाडीवर सगळ्यांना दिसेल असं लिहिलं आणि पोरांच्या तोंडी बसलं. पुढे टीव्हीएसच्या फ्लेम गाडीवरून पेटंटचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि २००९ साली कोर्टाने निकाल लागेपर्यंत टीव्हीएसला गाडी विकायला मोकळीक दिली. म्हणजे तंत्रावरचा हक्क वादात सापडू शकतो, आणि पेटंट तसंही २० वर्षांनी संपतं. ‘डीटीएस-आय’ हे नाव मात्र दुसऱ्या कुणाच्या गाडीवर लागलं नाही. नोंदलेलं व्यापारचिन्ह दर १० वर्षांनी नूतनीकरण करून कायम ठेवता येतं.

नोंदणी व्हावी असं वाटत असेल तर नाव सरळ वर्णन करणारं नको. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ प्रमाणे मालाचा प्रकार, गुणवत्ता किंवा उपयोग नुसता सांगणारा शब्द सहसा नोंदला जात नाही. ‘वेगळी भाजलेली भाजणी’ हे उद्या कुणालाही लिहिता आलं पाहिजे, म्हणून ते तुम्हाला एकट्याला मिळत नाही. ‘सातफेरी’ अर्थ सुचवतं, वर्णन करत नाही. याच मधल्या पट्ट्यात नाव शोधा. अगदी अर्थहीन शब्द नोंदायला सोपा, पण तो लोकांना समजावण्यात तुमचा पैसा जातो, आणि घरगुती धंद्याला ते परवडत नाही.

मसाले आणि पिठं ३० व्या वर्गात येतात. अर्ज ऑनलाइन होतो, मध्य प्रदेशासाठी कार्यालय मुंबईचं आहे, आणि एका व्यक्तीच्या नावाने केला तर एका वर्गाचे ४,५०० रुपये लागतात. त्याआधी सरकारच्या संकेतस्थळावर असंच ऐकू येणारं नाव कुणी घेतलंय का ते शोधा, हिंदी आणि मराठी दोन्ही उच्चारांनी. नोंदणी होईपर्यंत नावापुढे ‘टीएम’ची खूण चालते, गोलातला ‘आर’ लावायचा नाही. आणि नावात ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’, ‘पारंपरिक’ घालण्याचा मोह टाळा. खाद्यपदार्थांच्या दाव्यांसाठी एफएसएसएआयचे २०१८ चे नियम आहेत, आणि अशा शब्दांना त्यात अटी आहेत.

एक गोष्ट आज मी वेगळी केली असती. नावात आकडा घेतला. पुढे काकूंनी थालीपिठाची भाजणी सुरू केली. तिच्यात ज्वारी, बाजरी, गहू धरून जिन्नस सातापेक्षा जास्त होतात, म्हणजे तिच्यावर ‘सातफेरी’ लिहिणं खोटं. एका वर्षी पोहे महागले, ते गाळावेत असा विचार आला, तोही सोडावा लागला, कारण मग फेऱ्या सहाच होतात. आकडा लक्षात पटकन राहतो हे खरं, पण तो तुम्हाला बांधून टाकतो. चार प्रकारचा माल काढायचा असेल तर आकड्याशिवायचा शब्द घ्या.

आणि हे सगळं कुठे चालत नाही तेही सांगतो. सियागंजात काकूंनी ठोक माल दाखवला तेव्हा दुकानदाराने पाकीट उलटून पाहिलं नाही, भाव विचारला. तो पुढे सुटी भाजणी विकणार, त्याच्या गिऱ्हाइकापर्यंत नाव पोचतच नाही. जिथे पाकीट खाणाऱ्याच्या हातात पडतं तिथेच नाव काम करतं.

नाव रुजलं की नाही, हे कळायला काकूंनी फोनजवळ एक वही ठेवली. फोन करणारी व्यक्ती जे म्हणेल ते तसंच लिहायचं, सुधारायचं नाही. आधीच्या पानांवर ‘ती चकलीची’, ‘रामबागवाली’, ‘मागच्या वेळची’ असं होतं. दिवाळीच्या दोन हंगामांनंतर ‘सातफेरी है क्या?’ दिसायला लागलं. लोक फोनवर नाव घेत नसतील, किंवा नाव घेतात पण ‘त्याने काय होतं’ हे सांगू शकत नाहीत, तर नाव किंवा खालची ओळ बदलावी लागते. पहिल्या प्रकारात नाव, दुसऱ्यात ओळ.

तुमच्या गोड्या मसाल्यात हाच कागद करून पाहा. मला वाटतं तुमचा टप्पा खोबऱ्यात किंवा दगडफुलात असेल. खोबरं कमी परतलं तर मसाला लवकर खवट होतो, आणि दगडफूल नाजूक, जरा जास्त झालं की कडसर लागतं आणि आमटी त्या चवीने बिघडते. यातली कुठली तक्रार तुमच्या गिऱ्हाइकांनी दुसऱ्यांच्या मसाल्याबद्दल बोलून दाखवली आहे, ते आठवा. ते दगडफूल तळताना तुमच्या घरात काय शब्द वापरतात, कुणी ‘नुसतं दाखवून काढायचं’ म्हणतं का, तेही लिहून काढा. मला त्या शब्दांतच तुमचं नाव सापडेल असं वाटतं. कागद झाला की इथे लिहा, मी वाचेन.