पहिल्या परदेशी ग्राहकाला पेमेंटबद्दल काय लिहावं

ग्राहकाला पाठवायच्या पत्राचा तुमचा मसुदा वाचला. त्यात पैसे भरण्याचे पाच पर्याय देऊन निवड ग्राहकावर सोडली आहे. नवीन निर्यातदार हीच चूक करतात. या इन्व्हॉइसला कोणता मार्ग योग्य, ते तुम्हीच सांगा.

दोन-तीनशे डॉलरच्या नमुन्यांसाठी कार्डाची पेमेंट लिंक ठीक. शुल्क टक्क्यांत कापलं जातं, पण एवढ्या रकमेवर ते सोसतं. मोठ्या ऑर्डरला कार्ड नको, कारण माल पोचल्यावरही ग्राहक आपल्या बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागू शकतो. तिथे थेट बँक ट्रान्सफरच मागा. लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेली कागदपत्रं दिल्यावर पैसे देण्याची ग्राहकाच्या बँकेची हमी, सध्या राहू द्या.

ट्रान्सफरमध्ये खरी मेख शुल्काची. समजा, इन्व्हॉइस ४,००० डॉलरचं आहे आणि मधल्या बँकेने २५ कापले. खात्यात ३,९७५ येतात, ग्राहक म्हणतो मी पूर्ण भरले, आणि तो खरंच बोलत असतो. म्हणून पत्रात लिहा:

"शुल्काच्या रकान्यात कृपया OUR निवडावं, म्हणजे बँकांचं शुल्क तुमच्याकडून भरलं जाईल. संदर्भात इन्व्हॉइस क्रमांक टाकावा."

त्याने SHA, म्हणजे शुल्क दोघांत वाटून घ्यायचा पर्याय निवडला, तर मधली कपात तुमच्या माथी येते. OUR असूनही रक्कम कमी आली, तर ग्राहकाकडून ट्रान्सफरची पावती मागवा आणि ती तुमच्या बँकेला दाखवा.

आणखी एक वाक्य अजिबात गाळू नका: "आमचं खातं बदलल्याचा ईमेल आला, तर तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय पैसे पाठवू नयेत." ईमेलमध्ये शिरून स्वतःचा खाते क्रमांक कळवणारे चोर नेमके इन्व्हॉइस गेल्यावरच जागे होतात.