मार्चचा प्लॅन आणि मागच्या आठवड्यातलं टेबल

प्रश्न : आमची छोटी ब्रॉडबँड कंपनी आहे. मार्च 2025 मध्ये 499 च्या प्लॅनवर असताना 799 रुपये घेतले, अशी तक्रार एका ग्राहकाने ग्राहक आयोगात केली आहे. आमच्या `customers` टेबलात फक्त आजचा प्लॅन दिसतो. म्हणून प्लॅन-बदलाच्या लॉगवरून मागच्या आठवड्यात महिनावार `plan_snapshot` टेबल बनवलं. त्यात मार्चसमोर 799 आहे. तेच पुरावा म्हणून लावलं तर चालेल ना?

उत्तर : लावा, पण ते मार्चमध्ये घेतलेलं स्नॅपशॉट आहे असं भासवू नका. ते मागच्या आठवड्यात केलेलं संकलन आहे आणि जबाबात तसंच लिहा. उलटतपासणीत टेबल कधी तयार झालं हे विचारलं गेलं आणि तारीख लपवलेली निघाली, तर खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडेल. तुमचा मूळ पुरावा म्हणजे तो लॉग, त्या वेळची बिलं आणि एप्रिलच्या सुरुवातीचा डेटाबेस बॅकअप असेल तर तो.

भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 खाली त्यांच्या प्रतींसोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा भाग अ सिस्टिम सांभाळणाऱ्याने आणि भाग ब तज्ज्ञाने भरायचा. त्यात फाइलचं हॅश मूल्यही येतं, म्हणून फाइल काढली की लगेच हॅश काढा आणि नंतर ती उघडून 'जरा नीट' करू नका. आयोगापुढे पुराव्याचे नियम दिवाणी कोर्टाइतके काटेकोर लागत नाहीत, पण पुढच्या अपिलांचा विचार करून मी हे प्रमाणपत्र सुरुवातीलाच जोडतो.

आता खरी अडचण. तुमचं टेबल महिन्याच्या शेवटच्या दिवशीचा प्लॅन दाखवतं का, हे आधी तपासा. समजा, लॉगमध्ये बदल 18 मार्चचा आहे. मग 31 मार्चला 799 हे उत्तर बरोबर, पण अख्ख्या मार्चसाठी चूक. तुमच्या अटींत दिवसांप्रमाणे आकारणी असेल, तर 17 दिवस 499 च्या आणि 14 दिवस 799 च्या दराने, कर सोडून, सुमारे 634 रुपये होतात. म्हणजे ग्राहकाचे 165 रुपये जास्त गेले, आणि ते टेबल तुमच्याच विरुद्ध बोलेल! अशा वेळी फरक परत करून तडजोडीचा प्रस्ताव द्या. एवढ्यासाठी वकिलाची फी वाढवू नका, हे वकीलच सांगतोय.

वेळेचीही खात्री करा. सर्व्हर यूटीसीवर असेल तर भारतात 1 एप्रिलच्या पहाटे 2 वाजता केलेला बदल तिथे 31 मार्चलाच नोंदतो. लॉगमध्ये बदल कोणी केला, ग्राहकाने की तुमच्या माणसाने, हेही बघा. तुमच्या माणसाने केला असेल तर ग्राहकाच्या होकाराचा मेसेज किंवा कॉलची नोंद शोधा. तक्रारीची प्रत मिळाल्यापासून 30 दिवसांत जबाब द्यायचा आहे आणि आयोग फार तर 15 दिवस वाढवून देतो, तेव्हा बॅकअप आजच शोधायला लावा.