विवेचक धन आहे, तरी समीकरणाला एकच उकल कशी?

प्रश्न: x/(x−2) + (x+1)/x = (x+k)/(x(x−2)) या समीकरणाला नेमकी एकच वास्तव उकल असेल, तर k च्या सर्व किमती काढा. मी विवेचक शून्य घेतला आणि k = −5/2 आलं. उत्तरात मात्र −5/2, −2 आणि 2 अशा तीन किमती आहेत. k = −2 घेतलं तर विवेचक 4 येतो, म्हणजे दोन मुळं असायला हवीत. मग उकल एकच कशी?

उत्तर:

तुमचं −5/2 बरोबर आहे आणि k = −2 ला विवेचक 4 येतो हेही बरोबर आहे. पण तो विवेचक छेद काढून टाकल्यावर मिळणाऱ्या वर्गसमीकरणाचा आहे, आणि विचारलेलं समीकरण वर्गसमीकरण नाही. k = −2 घेतल्यावर वर्गसमीकरणाला 0 आणि 1 ही दोन मुळं मिळतात. त्यांपैकी 0 दिलेल्या समीकरणात ठेवताच छेद शून्य होतो, म्हणून ते बाद. उरतं एकटं 1. k = 2 लाही तसंच घडतं, फक्त तिथे 2 हे मूळ बाद होतं.

आता हे सावकाश पाहू, कारण इथे अडणारे बहुतेक जण आकडेमोडीत चुकत नाहीत. आपण कोणत्या समीकरणाबद्दल बोलतोय, हे त्यांच्या हातून निसटतं.

छेदांचा लसावि x(x−2). दोन्ही बाजूंना त्याने गुणलं की

x² + (x+1)(x−2) = x + k

आणि आवरल्यावर

2x² − 2x − 2 − k = 0.

या गुणाकारात एक अट दडलेली आहे. x(x−2) शून्य नसेल तर गुणून पुढे जाता येतं आणि भागून मागेही येता येतं, म्हणजे दोन्ही समीकरणं एकच गोष्ट सांगतात. x = 0 किंवा x = 2 असेल तर आपण दोन्ही बाजूंना शून्याने गुणलेलं असतं, आणि तिथून मागे यायला वाट नाही. त्यामुळे वर्गसमीकरणाची मुळं म्हणजे फक्त उमेदवार. त्यांतलं जे 0 नाही आणि 2 नाही, तेवढंच दिलेल्या समीकरणाची उकल.

म्हणजे «नेमकी एक उकल» दोन वेगळ्या प्रकारांनी येऊ शकते. एक तर वर्गसमीकरणाची मुळं समान असतील आणि ते समान मूळ 0 किंवा 2 नसेल. नाहीतर मुळं वेगवेगळी असतील, पण त्यांतलं नेमकं एक 0 किंवा 2 असेल. विवेचक शून्य घेतल्यावर फक्त पहिला प्रकार सापडतो. दुसऱ्यासाठी वेगळं शोधावं लागतं, आणि ते शोधणं फार सोपं आहे: निषिद्ध किंमत वर्गसमीकरणात ठेवायची आणि k काढायचा.

x = 0 ठेवा. −2 − k = 0, म्हणून k = −2. समीकरण होतं 2x² − 2x = 0, मुळं 0 आणि 1. x = 1 दिलेल्या समीकरणात तपासा: डावीकडे 1/(−1) + 2/1 = 1, उजवीकडे (1−2)/(1·(−1)) = 1. जुळलं.

x = 2 ठेवा. 8 − 4 − 2 − k = 0, म्हणून k = 2. समीकरण होतं x² − x − 2 = 0, मुळं 2 आणि −1. x = −1 तपासा: डावीकडे (−1)/(−3) + 0 = 1/3, उजवीकडे (−1+2)/((−1)(−3)) = 1/3. जुळलं.

तुमच्या k = −5/2 ला समान मूळ x = 1/2 आहे. ते 0 नाही, 2 नाही, म्हणून चालतं. अशा तीन किमती.

दुसरं मूळ काढायला खरं तर समीकरण सोडवायचीही गरज नाही. मुळांची बेरीज 2/2 = 1 आहे आणि तिच्यात k येतच नाही. एक मूळ 0 झालं की दुसरं 1, एक 2 झालं की दुसरं −1. ही बेरीज लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

«पण 0 हे मूळ वर्गसमीकरणाला तर शोभतं, मग ते पूर्ण खोटं कसं?» असं वाटत असेल तर डावी बाजू वजा उजवी बाजू किती, ते पाहा. हा फरक म्हणजे

(2x² − 2x − 2 − k) / (x(x−2)).

k = −2 असताना अंश 2x(x−1) होतो. अंशातला x आणि छेदातला x एकमेकांना काटतात आणि x ≠ 0 साठी फरक उरतो 2(x−1)/(x−2). आता x ला शून्याच्या अगदी जवळ न्या, समजा 0.001. फरक येतो सुमारे 0.9995. म्हणजे शून्याच्या आसपास दोन्ही बाजू समान होण्याच्या जवळपाससुद्धा नाहीत, त्यांच्यात जवळजवळ 1 चं अंतर आहे. 0 हे मूळ अंशात दिसतं ते केवळ छेदातल्या x ला काटण्यापुरतं. k = 2 असताना असाच फरक 2(x+1)/x उरतो, आणि x = 2 च्या आसपास तो 3 च्या जवळ असतो.

मला या प्रश्नाकडे बघायची सगळ्यात आवडती पद्धत मात्र वेगळी आहे. k एकटा एका बाजूला घ्या:

k = 2x² − 2x − 2, जिथे x ≠ 0 आणि x ≠ 2.

हा एक अन्वस्त आहे, पण त्याला दोन भोकं पडलेली आहेत: एक (0, −2) इथे, दुसरं (2, 2) इथे. शिरोबिंदू (1/2, −5/2). आता k च्या उंचीवर आडवी रेषा ओढा आणि ती अन्वस्ताला किती ठिकाणी भेटते ते मोजा. −5/2 च्या खाली ती कुठेच भेटत नाही. −5/2 ला शिरोबिंदूत एकदा भेटते. त्याच्या वर ती दोनदा भेटते, पण रेषा भोकाच्या उंचीवरून गेली तर एक भेट हुकते. भोकांच्या उंची −2 आणि 2. तीनही उत्तरं एका आकृतीत दिसतात. शिवाय एखादी किंमत राहून गेली नाही ना, याची खात्रीही इथेच होते, कारण रेषेला चुकवायला तिसरं भोक नाही. k असा सहज सुटा होत असेल तर मी विद्यार्थ्यांना विवेचकाआधी हीच आकृती काढायला सांगतो.

आता उजवीकडच्या अंशात थोडा बदल करू. तिथे x + k ऐवजी 3x + k असतं तर? वर्गसमीकरण येतं 2x² − 4x − 2 − k = 0, आणि मुळांची बेरीज 2. x = 0 ठेवलं तर k = −2. x = 2 ठेवलं तरी k = −2. म्हणजे k = −2 असताना मुळं 0 आणि 2, दोन्ही बाद, आणि समीकरणाला उकलच नाही. आकृतीत दोन्ही भोकं एकाच उंचीवर आली आणि रेषा दोन्हींतून निसटली. इथे एक उकल देणारी किंमत एकच: k = −4, समान मूळ 1. म्हणून निषिद्ध किंमत ठेवून k मिळाला की लगेच तो उत्तरात लिहू नका. दुसरं मूळ कोणतं हे पाहा; तेही निषिद्ध निघालं तर k बाद.

k जर x² च्या सहगुणकात असेल तर आणखी एक शक्यता उघडते. kx/(x−2) + (x+1)/x = (x+1)/(x(x−2)) यात (k+1)x² − 2x − 3 = 0 मिळतं. k = −1 असताना हे वर्गसमीकरणच राहत नाही. −2x − 3 = 0, उकल x = −3/2, आणि ती निषिद्धही नाही. विवेचकाचं सूत्र लावण्याआधी ही किंमत वेगळी काढावी लागते. तुमच्या समीकरणात x² चा सहगुणक 2 आहे, त्यामुळे ही शक्यता तिथे नाही.

आणि शेवटी असा प्रकार, जिथे विवेचक शून्य घेणाऱ्याचं उत्तर अपुरं नव्हे, थेट चुकीचं ठरतं. उजवीकडे (k − x)/(x(x−2)) असू द्या. वर्गसमीकरण 2x² − 2 − k = 0. विवेचक शून्य केला की k = −2 आणि समान मूळ x = 0. पण 0 निषिद्ध आहे, म्हणून k = −2 ला उकल एकही नाही. इथे भोक नेमकं शिरोबिंदूवर पडलंय. x = 2 ठेवलं तर k = 6, मुळं 2 आणि −2, उरतं −2. म्हणून पूर्ण उत्तर फक्त k = 6.

या शेवटच्या उदाहरणात मघाची फरकाची कसोटीही फसवते. k = −2 असताना फरक 2x²/(x(x−2)), म्हणजे x ≠ 0 साठी 2x/(x−2). x शून्याकडे गेला की हा फरक खरोखरच शून्याकडे जातो. संगणकावर त्याचा आलेख काढलात तर रेषा आरंभबिंदूतून x-अक्ष ओलांडताना दिसेल, कारण एका बिंदूएवढं भोक पडद्यावर सहसा उमटत नाही, आणि तिथे उकल आहे असंच वाटेल. तरीही x = 0 ला (x+1)/x या पदाला काही किंमतच नाही, म्हणून 0 ही उकल नाही. अशा वेळी आलेखावर न थांबता ती संख्या दिलेल्या समीकरणाच्या प्रत्येक छेदात स्वतः ठेवून पाहायची.