निकाल लागायच्या आधीची मेल

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

नोकरीच्या ऑफर लेटरचे फोटो मिळाले, दोनदा नीट वाचले. तिसऱ्या पानावरची अट एकच दिसत असली तरी तिच्यात तीन गोष्टी आहेत: सगळे विषय सुटलेले हवेत, एकूण ६० टक्के हवेत आणि शेवटच्या सेमिस्टरची गुणपत्रिका १५ जुलैपर्यंत पोचायला हवी. पहिल्या दोन तू दिलेल्या पेपरांवर आहेत, तिसरी विद्यापीठाच्या हातात आहे. आज ६ जुलै, नांदेडहून निकालाचा पत्ता नाही. म्हणजे सध्या अडलंय ते फक्त तारखेपाशी, आणि मेलमध्ये तेवढंच मांडायचं.

टक्क्यांची धाकधूक आधी संपव. बी.एस्सी.च्या पाच सेमिस्टरची तुझी सरासरी ६२.४ आहे. सगळ्या सेमिस्टरना सारखं वजन धरलं, तर सहाव्यात ४८ टक्के मिळाले तरी एकूण ६० भरतात. क्रेडिट कमीजास्त असतील तर आकडा थोडा हलेल, म्हणून गुणपत्रिकेवरून एकदा ताळा करून बघ.

आता मेल कधी पाठवायची? १५ तारीख उलटायच्या आत, याच आठवड्यात. वाळूजच्या कारखान्यात भरतीचं काम करताना मी हे सतत बघतो. मुदतीआधी मेल आली तर ती मुदतवाढीची विनंती असते. मुदत गेल्यावर आली तर आमच्या यादीत त्या नावापुढे ‘कागदपत्रं अपूर्ण’ असा शेरा आधीच पडलेला असतो, आणि तो काढायला मला वरच्यांची परवानगी लागते. तुझ्याशी बोलणाऱ्या कंपनीच्या मॅडमनाही अट स्वतःच्या अधिकारात बदलता येत नसणार. त्यांना वर पाठवायला काहीतरी कागद लागतो, तो तू द्यायचा. नुसतं ‘काही अपडेट आहे का’ विचारलंस तर त्यांच्या हातात काहीच पडत नाही.

तो कागद कॉलेजच्या परीक्षा विभागातून मिळेल. प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज दे आणि कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र माग. त्यात चारच गोष्टी हव्यात: तू सहाव्या सेमिस्टरच्या सगळ्या विषयांची परीक्षा दिलीस, आधीच्या पाच सेमिस्टरमध्ये एकही विषय राहिलेला नाही, विद्यापीठाचा निकाल प्रतीक्षेत आहे, आणि अंतर्गत गुण कॉलेजने विद्यापीठाला पाठवलेले आहेत. खाली सही, शिक्का आणि जावक क्रमांक. जावक क्रमांक नसलेलं पत्र पडताळणीत अडकतं, म्हणून तो टाकून घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस.

अंतर्गत गुणांची ओळ मी मुद्दाम घालायला सांगतोय. निकाल लागतो तेव्हा काहींच्या नावापुढे ‘राखीव’ येतं, म्हणजे निकाल रोखून ठेवलेला असतो. लेखीचे गुण दिसत असतील आणि प्रोजेक्टचा किंवा अंतर्गत गुणांचा रकाना कोरा असेल, तर घोळ बहुतेक वेळा कॉलेजकडूनच झालेला असतो. तेव्हा विद्यापीठाकडे धावण्याआधी विभागप्रमुखांना गाठायचं. पत्र घेताना ही चौकशी झालेली असली तर ती वेळच येणार नाही.

मेल ऑफर आलेल्या त्याच साखळीत उत्तर म्हणून पाठव. विषयात ऑफरचा क्रमांक आणि तुझं पूर्ण नाव. इंग्रजीत लिहिशील, पण आशय एवढाच ठेव:

‘माझी परीक्षा पूर्ण झाली आहे, विद्यापीठाचा निकाल अजून जाहीर झालेला नाही. कॉलेजचं पत्र आणि पाच सेमिस्टरच्या गुणपत्रिका जोडल्या आहेत. ऑनलाइन निकाल लागल्याच्या दिवशीच त्याची प्रत पाठवीन, मूळ गुणपत्रिका हाती येताच देईन. कागदपत्रांची मुदत ३१ जुलैपर्यंत वाढवून मिळेल का, आणि तोवर हमीपत्रावर १ ऑगस्टला रुजू होता येईल का?’

गुणपत्रिका एकाच पीडीएफमध्ये, क्रमाने. तीन कामाचे दिवस उत्तर आलं नाही तर एक फोन कर. त्या फोनवर ‘चालेल’ म्हणाल्या तर लगेच मेलवर लिही, ‘आज बोलल्याप्रमाणे मुदत ३१ जुलै आहे, कृपया कळवावं.’ तोंडी होकार माणूस बदलला की राहत नाही. बाबांना मात्र फोन करू देऊ नकोस. त्यांची काळजी मला कळते, पण कंपनीला तुझ्याशीच बोलायचं असतं.

समजा एखादा विषय राहिलाच, तर त्याच दिवशी तूच कळव. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज मुदतीत भर, पण त्याचा निकाल १ ऑगस्टच्या आत येईल हे धरून चालू नकोस. रुजू व्हायची तारीख पुढच्या परीक्षेनंतर ढकलता येते का, हे विचार. ते नाही म्हणू शकतात, अटीत तसा अधिकार आहे त्यांना. पण ‘कोणताही विषय बाकी नाही’ अशा हमीपत्रावर सही करू नकोस. पुढे पडताळणीत ते उघडं पडतं, आणि तेव्हा हातातली नोकरी जाते.

लेखी उत्तर येईपर्यंत परवाची संभाजीनगरची मुलाखत सोडू नकोस. कॉलेजचं पत्र हाती आलं की मेलचा मसुदा मला पाठव, त्याच दिवशी रात्री वाचून देतो.

तुझा,
काका